चॅप्टर वाचला. बोलू.

जयगडच्या धक्क्यावरून पहिली फेरीबोट सुटायला आणि माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने धावत येऊन चढायला एकच गाठ पडली. आदल्या रात्री ती मामाकडे राहिली होती. मामाचं घर दरीत आहे, तिथे मोबाईलला रेंज नाही. मी जीपमध्ये बसले होते. पुढे मासळीचा टेम्पो आणि तीन दुचाक्या उभ्या, त्यामुळे मी तिला दिसले नव्हते. ती सरळ कठड्याशी जाऊन उभी राहिली. पाठीला चाळण्यांची पिशवी, हातात लोखंडी चौकट. पौषातली अमावास्या होऊन तीन दिवस झाले होते, साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी लागणार होती, आणि त्याआधी पलीकडे तवसाळला उतरून आम्हाला चिखलात पोचायचं होतं. बोट खाडीच्या मध्यावर आली तेव्हा तिचा फोन वाजला. मी रात्री साडेअकराला पाठवलेला, एका टिकवर अडकलेला मेसेज तिला आत्ता मिळाला होता. ‘चॅप्टर वाचला. बोलू.’ तिने फोन काढला, स्क्रीनवर माझं नाव पाहिलं आणि मेसेज न उघडताच फोन परत खिशात टाकला. मग दोन्ही हातांनी कठडा धरून मान खाली घातली. तवसाळचा धक्का येईपर्यंत ती तशीच उभी होती.

ती मान माझ्या ओळखीची होती.

मीही जुलै 2013 मध्ये अशीच चौकट घेऊन दुसऱ्या एका खाडीत उतरले होते. विषय तोच, चिखलातले शिंपले आणि त्यांच्याबरोबर राहणारे किडे, गोगलगायी, खेकडे. पंचवीस सेंटिमीटरची चौकट चिखलावर ठेवायची, आतला पंधरा सेंटिमीटर खोल चिखल काढायचा, चाळायचा, जे उरेल ते फॉर्मलीनच्या बाटलीत भरायचं आणि प्रयोगशाळेत आणून मोजायचं. आलेल्या आकड्याला सोळाने गुणलं की एका चौरस मीटरचा हिशेब मिळतो. कामाचं वेळापत्रक चंद्राच्या हातात. उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर ओसरतं आणि दोनेक तास मिळतात. अष्टमी-नवमीच्या भांगाला, भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, खालचा पट्टा उघडाच पडत नाही. पहिल्या वर्षी सर, म्हणजे माझे गाईड, एकदा पहाटे साडेचारला स्वतः आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले, माझी चाळणी हातात घेतली, बॅटरीच्या उजेडात तिची जाळी पाहिली आणि म्हणाले, “ही एक मिलिमीटरची आहे. यातून पिल्लं निघून जातील. तुला मोठे शिंपले दिसतील आणि तू लिहिशील की नवीन पैदास नाही. अर्ध्या मिलिमीटरची आण.” त्या एका वाक्याने माझा प्रबंध वाचला, हे मी कुठल्याही शपथेवर सांगेन. पुढे जे झालं ते सांगताना तो चिखलातला माणूस मला विसरायचा नाही.

जुलै 2015 मध्ये मी सरांना तिसरं प्रकरण दिलं. चौऱ्याऐंशी पानं, स्पायरल बाइंडिंग करून. सोबत एक पत्र. त्यात विचारलं होतं की नमुने घ्यायच्या चौथ्या ठिकाणाजवळ वाळूउपसा सुरू झाला आहे, तिथली जमीनच बदलली आहे, तर ते ठिकाण सोडून तीनशे मीटर वरच्या अंगाला नवं घेऊ का? उत्तर सप्टेंबरच्या आत हवं होतं. पाऊस ओसरला की खाडीचं पाणी पुन्हा खारट व्हायला लागतं आणि नवी बारीक पिल्लं चिखलात बसतात. ते महिने गेले की गेले. सर म्हणाले, “ठेव. वाचतो.”

त्यानंतर साडेचार महिने सर त्या प्रकरणाबद्दल काही बोलले नाहीत.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, मग विचारायचं ना. मी पहिल्या महिन्यात दोनदा विचारलं. “बघतो”, असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा ते फोनवर होते, त्यांनी हातानेच थांब म्हटलं, मी दारात पंधरा मिनिटं उभी राहिले आणि मग परत फिरले. त्यानंतर विचारणंच मला जमेना. शोधप्रबंधाच्या ताणाबद्दल लोक बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जागरणं आणि कामाचा डोंगर असतो. काम मला कधीच जड गेलं नाही. मला जड गेला तो रिकामा वेळ, ज्यात सरांच्या मनात काय चाललंय याचा मी अंदाज बांधत बसायचे. प्रकरण इतकं वाईट आहे की काय बोलावं हे त्यांना सुचत नसेल. पत्राचा राग आला असेल. त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं प्रकरण आठवड्यात परत आलं, म्हणजे दोष माझ्यातच असणार. ते कॉरिडॉरमध्ये दुसऱ्या कुणाशी हसून बोलले तरी मला वाटे, माझ्याशी हसले नाहीत. चपलांच्या आवाजावरून मी त्यांना ओळखायला लागले होते, आणि तो आवाज आला की फणसाच्या बाजूच्या मागच्या जिन्याने खाली उतरायचे. पोटात सतत आंबट. रात्री तीनला उठून मेल बघायची. खोटं वाटेल, पण त्या साडेचार महिन्यांत मी दुसरं प्रकरण सात वेळा लिहिलं, कारण तेच एक माझ्या हातात होतं. प्रत्येक वेळी ते थोडं आणखी निर्जीव होत गेलं.

नव्या ठिकाणाचं काय करायचं तेही ठरलं नाही. गाईडला न विचारता ठिकाण बदललं तर पुढे परीक्षकांसमोर कोण उभं राहणार, या भीतीने मी सप्टेंबर घालवला, ऑक्टोबर घालवला. दर उधाणाला जुन्याच जागी जायचे, जिथे आता नुसती भरड वाळू होती, आणि जवळजवळ रिकाम्या बाटल्या घेऊन यायचे. तिसऱ्या म्हणजे खायचे शिंपले काढायला येणाऱ्या एका मावशीने एकदा विचारलंच, “बाय, हितं काय ऱ्हायलंय आता? वर जा की.” मावशीला जे दिसत होतं ते मलाही दिसत होतं. फक्त तिला कुणाची सही लागत नव्हती.

सहीचं हे प्रकरण नीट समजून घेतल्याशिवाय हे नातं कळणार नाही. त्या वेळी मला ज्युनियर फेलोशिप होती, महिना 25,000. दोन वर्षं झाली की एक समिती प्रगती पाहते आणि सीनियर फेलोशिप मिळते, तेव्हा ती 28,000 होती. ती समिती बसवायची ती गाईडने. दर महिन्याच्या हजेरीवर सही गाईडची, घरभाड्याच्या कागदावर सही गाईडची, परिषदेला जायचं तर शिफारस गाईडची. माझी दोन वर्षं त्याच जुलैमध्ये भरली होती. म्हणजे दर महिन्याच्या अखेरीला हजेरीचा कागद घेऊन मला त्याच खोलीत जावं लागे, जिथे त्याच टेबलावर, उजव्या बाजूच्या गठ्ठ्यात, वरून चौथ्या नंबरला माझं स्पायरल पडलेलं मला दिसत असे. सर सही करत. एकदाही वर बघत नसत. मी समितीचं विचारत नसे, कारण समितीचं विचारलं म्हणजे प्रकरणाचं विचारल्यासारखं झालं असतं. महिन्याचे तीन हजार रुपये मी भीतीपोटी सोडत होते, आणि घरी काजूच्या बागेला खत घालायला भाऊ उसने पैसे मागत होता. गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी आरतीनंतर विचारलं, “अजून किती वर्षं?” आई माझ्याआधीच म्हणाली, “होत आलंय.”

आता मी स्वतः मान्यताप्राप्त गाईड आहे. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार विद्यार्थी घेता येतात, माझ्याकडे दोन आहेत. गाईड झाल्यावर मी नियम पहिल्यांदा नीट वाचले. 2022 च्या यूजीसी नियमावलीत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती आहे. विद्यार्थ्याने दर सत्रात तिच्यासमोर उभं राहून काम मांडायचं, समितीने सूचना द्यायच्या. हेतू चांगलाच आहे, एकाच माणसाच्या हाती सगळं राहू नये. पण त्या समितीचा निमंत्रक कोण? गाईडच. म्हणजे “सरांनी माझं प्रकरण चार महिने वाचलेलं नाही” हे ज्या खोलीत सांगायचं, ती खोली सरच भरवतात. प्रबंध सादर झाल्यावर मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, असं नियमावलीत आहे. विद्यार्थ्याला सहा वर्षांची मर्यादा आहे, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. पण गाईडने एक प्रकरण किती दिवसांत वाचून द्यावं, याबद्दल तिथे ओळ नाही. घड्याळ फक्त एकाच बाजूला बांधलेलं आहे.

2017 साली बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या 3,659 पीएचडी विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 32 टक्क्यांना मानसिक आजार असण्याचा किंवा जडण्याचा धोका असल्याचं त्यात दिसलं, आणि गाईडची वागण्याची पद्धत हा त्यातल्या महत्त्वाच्या धाग्यांपैकी एक होता. तिथे पीएचडी म्हणजे बहुधा पगारी नोकरी असते, त्यामुळे तो आकडा उचलून आपल्याकडे चिकटवता येणार नाही. पण तो वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मागच्या जिन्याने उतरणारी मी एकटी नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटी सरांनी मला बोलावलं आणि स्पायरल हातात दिलं. “ठीक आहे. पुढे जा. ठिकाण बदल.” एवढंच. त्याच महिन्यात समितीही बसली, थकबाकीही पुढे मिळाली. पिल्लं बसायचा हंगाम मात्र गेला होता. नव्या ठिकाणाचं पूर्ण चक्र मिळवायला मला एक वर्ष जास्त घालवावं लागलं. 2018 च्या जुलैमध्ये फेलोशिपची पाच वर्षं संपली आणि शेवटचे आठ महिने मी शिकवण्या घेऊन काढले.

ते स्पायरल मी त्या दिवशी खोलीवर नेलं आणि पान पान पाहिलं. पहिल्या पानापासून पेन्सिलीच्या खुणा होत्या. बारीक, काळजीपूर्वक. एका शिंपल्याच्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त केलेलं. एका ठिकाणी समासात “छान निरीक्षण”. हे दोन शब्द साडेचार महिने त्या गठ्ठ्यात पडून होते. खुणा एकसष्टाव्या पानापर्यंत होत्या. एकसष्ट आणि बासष्टच्या मध्ये एसटीचं तिकीट होतं, मशीनमधून निघतं ते पातळ, शाई उडत चाललेलं. दिव्यासमोर धरलं तेव्हा तारीख वाचता आली. मी प्रकरण दिलं त्याच्या आठव्या दिवसाची. म्हणजे पहिल्याच आठवड्यात, एसटीत बसून, त्यांनी एकसष्ट पानं वाचली होती. बासष्टपासून पुढे एकही खूण नव्हती.

बासष्टाव्या पानावर काय होतं ते मला पाठ आहे. तिथून माझं संख्याशास्त्र सुरू होत होतं. कुठल्या ठिकाणी कुठल्या जाती किती सापडल्या याचा मोठा तक्ता घ्यायचा, दर दोन नमुने एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते काढायचं, आणि ते सगळे वेगळेपण एका कागदावर ठिपक्यांनी मांडायचं. सारखे नमुने जवळ, वेगळे लांब. पन्नास नमुन्यांमधली अंतरं सपाट कागदावर तंतोतंत बसत नाहीत, कुठेतरी ताणावी लागतात. किती ताणली त्याचा आकडा आकृतीच्या कोपऱ्यात देतात. त्या आकड्याचं नावच स्ट्रेस. तो 0.2 च्या खाली असला तर आकृती वापरण्याजोगी, 0.3 च्या वर गेला तर ठिपके कुठेही टाकल्यासारखे. माझा 0.14 होता. ही पद्धत मी एका कार्यशाळेत शिकून आले होते. सरांच्या काळात ती आमच्या भागात कुणी वापरत नव्हतं.

सर निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मी त्यांच्या घरी गेले. पडवीत झोपाळ्यावर बसले होते, काकूंनी कोकम सरबत आणलं. बोलता बोलता त्यांनीच विषय काढला. “तुझं ते तिसरं प्रकरण. मी फार उशीर केला.” मी म्हटलं, सर, जाऊ दे आता. ते थांबले नाहीत. “मला ते ठिपके कळत नव्हते. दोनदा बसलो. मुंबईच्या एकाला विचारीन म्हटलं, पण तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. विचारवेना. तुला विचारणं तर...” पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. झोपाळ्याची कडी वाजत राहिली.

मला एकाच वेळी राग आला आणि रडू आलं. साडेचार महिने मी दाराबाहेर घाबरून उभी होते आणि दाराच्या आत तेही घाबरलेले होते. पण दोघांची किंमत सारखी नव्हती. त्यांच्या संकोचापायी माझं वर्ष गेलं, त्यांचं काही गेलं नाही. हे मी त्यांना बोलले नाही. सरबत संपवलं आणि पाया पडून निघाले.

त्या भेटीनंतर मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यवस्था लावली. भरती-ओहोटीचा तक्ता प्रयोगशाळेत भिंतीवर असतोच. त्यातल्या भांगाच्या दिवसांत खाडीत काम नसतं, म्हणून ते दिवस वाचनाचे. प्रकरण मला मिळालं की पुढच्या भांगाला परत, म्हणजे जास्तीत जास्त दोन आठवडे. नाही जमलं तर मी लिहून कळवायचं की अर्धंच झालंय. विद्यार्थ्याने प्रकरणासोबत तीन प्रश्न लिहायचे, आणि कुठलं उत्तर कुठल्या तारखेच्या आत हवंय तेही. भेट झाली की चार ओळींची मेल विद्यार्थ्याने पाठवायची: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. मी त्यावर “बरोबर” असं उत्तर द्यायचं. या चार ओळींचा खरा उपयोग एकदा कळला. एका भेटीनंतर माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याने लिहून पाठवलं की चर्चेचा भाग पूर्ण नव्याने लिहायचा आहे. मी फक्त दोन परिच्छेदांची जागा बदलायला सांगितली होती. मेल आली नसती तर तो महिनाभर नव्याने लिहीत बसला असता. अर्थात, ज्याचं मन स्वच्छ आहे त्याच्याशीच ही व्यवस्था चालते. जिथे गाईड घरची कामं सांगतो, शोधनिबंधावर भलत्यांची नावं घालतो किंवा सही अडवून धरतो, तिथे चार ओळींची मेल पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण संरक्षण देणार नाही. आणि आमच्याकडे गाईड बदलायचा म्हटलं तर त्याच गाईडची ना-हरकत लागते.

हे सगळं लावून बसलेल्या मी रात्री साडेअकराला काय लिहिलं होतं? ‘चॅप्टर वाचला. बोलू.’ तारीख नाही, चांगलं-वाईट नाही. मी दमले होते हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. तिच्या प्रकरणातली सत्तेचाळीस पानं मी आनंदाने वाचली होती. अठ्ठेचाळीसपासून तिने आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरून केलेलं एक मॉडेल होतं, `glmer.nb` नावाचं, आणि ते मला कळलं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं होतं. मग फोन उचलून तो मेसेज टाकला होता. फेरीबोटीत, टेम्पोच्या मागे बसून, तिची खाली गेलेली मान बघत असताना मला ते एसटीचं तिकीट आठवलं.

तवसाळला उतरल्यावर आम्ही गप्पच चाललो. कांदळवनाच्या कडेने चिखल लागला तेव्हा तिने चपला काढून पिशवीत टाकल्या. पहिली चौकट टाकून झाली, मी चाळणी पाण्यात हलवत होते, ती बाटलीवर पेन्सिलीने नंबर घालत होती. मी म्हटलं, “चॅप्टर चांगला झालाय. सत्तेचाळीस पानांपर्यंत मला दोनच आकृत्या बदलाव्याशा वाटल्या.” तिचा हात थांबला. “मग पुढे?”

“पुढचं मॉडेल मला समजलं नाही. तू समजावून सांग.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी काही चुकीचं बोलले असावे. मग बाटली पिशवीत ठेवली, एक काटकी घेतली आणि ओल्या चिखलावर सहा मोठे गोल काढले. “मॅडम, ही आपली सहा ठिकाणं. प्रत्येकात पाच चौकटी.” प्रत्येक गोलात तिने पाच टिंबं टोचली. “बारा महिन्यांच्या मिळून 360 झाल्या. पण या एकाच ठिकाणच्या पाच जणी शेजारणी आहेत, एकमेकींसारख्या असणारच. 360 वेगवेगळ्या धरल्या तर आपल्याला खोटीच खात्री वाटेल. म्हणून ठिकाणाचा परिणाम मॉडेलमध्ये वेगळा काढलाय. सहा ठिकाणं म्हणजे त्यासाठी कमीत कमीच आहेत, ते मी मर्यादांमध्ये लिहिलंय.” मी विचारलं, नावातलं ते शेवटचं एनबी कशासाठी? ती म्हणाली, आपल्या कितीतरी चौकटींत शून्य शिंपले आहेत आणि एखादीत एकदम ऐंशी, इतका पसरलेला डेटा साध्या पद्धतीला झेपत नाही. बोलता बोलता ती चिखलात उकिडवी बसली. मीही बसले. मी आणखी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तिला आलं नाही. म्हणाली, बघून सांगते, बुधवारच्या आत.

पाणी फिरलं होतं. सगळ्यात खालच्या गोलात पहिली लाट शिरली आणि त्यातली पाच टिंबं पुसली गेली. तिने काटकी टाकली, चौकट उचलली आणि म्हणाली, “मॅडम, चला, अजून चार राहिल्यात.”